पंपाचे मेकॅनिकल सील रबराच्या कोडात ढकलले गेले: माझा अनुभव

आयात केलेल्या सीलचं बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सकडचं आयातीचं घोषणापत्र, टॅरिफ कोड 8413 91 (पंपाचे भाग) खाली भरलं. कस्टम्सची क्वेरी आली: इनव्हॉइसवर 'रबर सील' आहे, मग रबरी सीलचा कोड 4016 93 का नाही? मूळ शुल्कात अडीच टक्क्यांचा फरक, वर त्याचा दहा टक्के अधिभार. म्हणजे लाखामागे 2,750 रुपये जास्त.

'हे पंपातच बसतात' असं दोनदा लिहिलं, पुरवठादाराचं पत्रही जोडलं. उपयोग शून्य, आणि माल पडून राहिल्याचं भाडं, म्हणजे डेमरेज, चालूच. वैताग आला.

मग कळलं की माझाही कोड चुकला होता. कस्टम्स टॅरिफच्या विभाग 16 ची टीप 2(अ) सांगते, एखाद्या भागाला 84 किंवा 85 व्या प्रकरणात स्वतःचं शीर्षक असेल तर तो, काही अपवाद वगळता, तिथेच जातो. मेकॅनिकल सीलला 8484 20 आहे.

यानंतर हे केलं, याच क्रमाने:

1. एक सील उघडून फोटो काढले: फिरणारी कार्बन रिंग, स्थिर सिरॅमिक रिंग, स्प्रिंग, आणि रबराचं फक्त बेलोज.
2. छेदचित्र व कॅटलॉग कस्टम्सच्या ई-संचित या कागदपत्रांच्या ऑनलाइन प्रणालीवर चढवले.
3. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 149 खाली कोड 8484 20 करायची दुरुस्ती मागितली.
4. क्वेरीच्या उत्तरात टीप उद्धृत केली. मान्य नसेल तर कलम 17(5) खाली 15 दिवसांत कारणांसह लेखी आदेश द्यावा, असंही लिहिलं.

कोड मान्य झाला. नुसत्या रबरी ओ-रिंग असत्या तर मात्र 4016 च बरोबर होतं.