वीस मिनिटांच्या व्हिडिओत प्रश्न कधी उघडायचा आणि उत्तर कधी द्यायचं

समजा, मे 1930 मधल्या सोलापूरवर वीस मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. लिहायला बसलात की आधी शेवट लिहा. 8 मेच्या गोळीबारानंतर पोलीस शहरातून गेले आणि 12 मेला मार्शल लॉ लागला. मधल्या दिवसांत काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावरची वाहतूक सांभाळत होते. हे झालं उत्तर. आता त्यावरून उलटा प्रश्न काढा: ‘पोलीस नव्हते, तेव्हा सोलापूर कोण चालवत होतं?’

हा प्रश्न पहिल्या तीस सेकंदांत एका वाक्यात यायला हवा, आणि शीर्षकातही हाच असावा. शीर्षकात फाशीची गोष्ट आणि सुरुवातीला गिरण्यांचा इतिहास असेल, तर माणूस ज्यासाठी आला ते त्याला दिसतच नाही आणि तो निघून जातो.

उत्तर सोळाव्या मिनिटाला ठेवा. पण प्रेक्षक पंधरा मिनिटं नुसता ताटकळत बसत नाही, म्हणून दर तीन-चार मिनिटांनी त्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. शहर इतकं का पेटलं? गांधीजींना अटक झाली होती, हे तिसऱ्या मिनिटाला सांगून टाका. मात्र ते सांगण्याआधीच्या वाक्यात पुढचा प्रश्न पेरा: संताप तर देशभर होता, मग मार्शल लॉ सोलापुरातच का? एक गाठ सोडण्याआधी दुसरी बांधलेली असावी. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. उत्तर पूर्ण होतं, आवाज खाली येतो, संगीत थांबतं आणि प्रेक्षकाला वाटतं की संपलं.

दहाव्या मिनिटाच्या आसपास मुख्य प्रश्नाची आठवण द्या. ‘ते पुढे बघूच’ असं म्हणू नका, त्याने माणूस चिडतो. प्रश्नच थोडा पुढे न्या: ‘पोलीस नाहीत, तरी चौकातली वाहतूक सुरळीत. हात दाखवणारा माणूस कोण?’ यात नवी माहिती आहे, उत्तर मात्र अजून राखलेलं आहे.

सोळाव्या मिनिटाला उत्तर द्याल, त्याआधी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांची नावं घेऊन ठेवा. या चौघांचं पुढे काय झालं, हा प्रश्न शेवटची चार मिनिटं धरून ठेवतो. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात त्यांना फाशी दिली, हे अगदी शेवटी.

व्हिडिओ टाकल्यावर यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकल्याचा आलेख उघडा. उत्तरानंतर लगेच रेघ कोसळली, तर तिथे दुसरा प्रश्न उघडा नव्हता. मध्ये खड्डा आणि सोळाव्या मिनिटाला उंचवटा दिसला, तर लोक पुढे ढकलून उत्तरावर गेलेत. म्हणजे मधली उत्तरं कमी पडली. पुढच्या व्हिडिओत खड्डा पडला त्या जागेच्या मिनिटभर आधी एक छोटं, खरं उत्तर ठेवा. मुख्य उत्तर अलीकडे ओढू नका. मजकूरच बारा मिनिटांपुरता असेल, तर मात्र व्हिडिओ बाराचाच करा.