बारशात आजोबांनी लाडाचं नाव कसं सांगावं

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगून ते मोठ्यानं पुकारलं की मगच आजोबांनी उभं राहावं. आधी बोललात तर मागे बसलेल्या बाया लाडाचं नावच खरं समजतात आणि अंगणवाडीच्या वहीतही तेच चढतं. घुगऱ्या वाटायला लागल्यावर कोणी ऐकत नाही, म्हणून पाळणागीत संपताच बोला.

चार वाक्यं पुरतात, तीही घरच्या बोलीत:

"आत्यानं नाव ठेवलं अन्विता. कागदावर हेच रायीन. पण घरात आमी तिले चिमी म्हणतो, कावून का पहाटे चिमण्यासंगच तिची जाग येते. तुमीबी चिमीच म्हणा."

कारण एकच सांगा. रंग, अंगकाठी यावरून पडलेलं नाव मात्र मंडपात नकोच. ते शाळेपर्यंत चिकटतं.