परदेशात किब्ला शोधताना या चुका टाळा

"किब्ला म्हणजे पश्चिम" हे आधी डोक्यातून काढा. कोकणात, मुंबईत ते चालून जातं, कारण तिथून मक्का पश्चिमेलाच येते, फक्त दहा-एक अंश उत्तरेकडे सरकून. पण नमाजला तोंड काब्याकडे करायचं असतं. सुरुवातीला ते जेरुसलेमकडे असायचं, ६२४ च्या सुमारास मदिनेत असताना काब्याकडे वळलं, आणि तेव्हापासून जगात कुठेही असलात तरी जागा ती एकच. म्हणून लंडनमध्ये आग्नेयेकडे वळावं लागतं, पश्चिमेला नाही.

दुसरी चूक जास्त शिकलेल्यांची, सपाट नकाशा बघणं. न्यू जर्सीतल्या भाच्याने तेच केलेलं, नकाशात मक्का न्यूयॉर्कच्या बरीच खाली दिसते म्हणून जानमाज आग्नेयेला टाकलेला. मी म्हटलं ईशान्येला वळव, तर म्हणतो, "मामू, मक्का खाली आणि तुम्ही वर वळायला सांगताय?" मग त्याच्या लेकीचा पृथ्वीगोल घेतला आणि न्यूयॉर्कपासून मक्केपर्यंत दोरा ताणून धरला. दोरा आधी ईशान्येला अटलांटिकवर चढतो, मग फ्रान्स, इटलीवरून खाली उतरतो. गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची वाट तीच, आणि तिकडच्या बहुतेक मशिदी हीच धरतात: उत्तरेपासून उजवीकडे साधारण ५८ अंश.

आता ॲप. उघडलं, एकदा गोल फिरले, झाली दिशा! अरे, फोनच्या कव्हरला चुंबक आहे, शेजारी हीटर आहे, पलंग लोखंडी आहे, होकायंत्र काय डोंबल सांगणार? कव्हर काढा, खोलीत दोन-तीन जागी बघा, प्रत्येक ठिकाणी बाण वेगळीकडे गेला तर बाहेर मोकळ्यावर जा. शिवाय होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात न्यूयॉर्कला जवळपास १३ अंशांचा फरक आहे, मुंबईत तो जवळपास शून्य म्हणून आपल्याला कधी जाणवतच नाही. आयफोनवर कंपासच्या सेटिंगमध्ये `Use True North` चालू करा.

मी स्वतः सावली बघतो. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात घड्याळात एकच्या सुमारास सावली सगळ्यात छोटी होते आणि खऱ्या उत्तरेला पडते, तिच्याकडे तोंड करायचं आणि काटकोनाच्या दोन-तृतीयांशाला जरा कमी इतकं उजवीकडे वळायचं. एक-दोन अंशांवरून भांडत बसू नका.

त्याहून सोपं म्हणजे २८ मे आणि १६ जुलैच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. मे महिन्यात तेव्हा भारतात दुपारचे २:४८, लंडनमध्ये सकाळचे १०:१८. त्या मिनिटाला सूर्य जिकडे, किब्ला तिकडेच, ॲप नको नि काही नको. न्यूयॉर्कवाल्यांना उपयोग नाही, तिथे तेव्हा सूर्य उगवलेलाच नसतो.

आणि हॉटेलच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये चिकटवलेल्या बाणावर जाऊ नका, साफसफाईत टेबल कधी फिरवलं कोणाला माहीत. छतावरचा बाण निदान हलत तरी नाही.