हवा आणि हवामान: घटक चाचणीच्या आधी गोंधळ कसा संपवायचा

परवा भाचीचा भूगोल घेत होते. प्रश्न साधा होता, हवा आणि हवामान यातला फरक सांगा. तिने सुरुवातच केली, "आज हवामान ढगाळ आहे." मी म्हटलं थांब, इथेच मार्क गेला. तर ती म्हणे टीव्हीवर रोज असंच बोलतात की! आणि ते खरंच आहे, म्हणून आधी तिथूनच सुरू करू.

स्टेप 1: शब्दांचा घोळ आधी मिटवा

आपल्या मराठीत हवा म्हणजे श्वासात घेतो ती पण हवा, आणि भूगोलात वेदर म्हणजे पण हवाच. त्यात भर म्हणजे "हवामान अंदाज" आणि "हवामान खातं" हे शब्द, जिथे उद्या पाऊस पडेल का ते सांगतात, म्हणजे खरं तर काम हवेचं आणि नाव हवामानाचं. बोलताना ते सगळं चालतं, पेपरात मात्र चालत नाही. वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: वेदर म्हणजे हवा, क्लायमेट म्हणजे हवामान. सेमी इंग्लिशवाल्यांनी तर नक्कीच, कारण त्यांचा घोळ हमखास इथेच होतो.

स्टेप 2: वाक्याला एकच प्रश्न विचारा, किती काळाबद्दल बोलतोय?

आत्ता, आज, या आठवड्यात, अमुक तारखेला असं असेल तर हवा. एखाद्या ठिकाणी एका ठरावीक वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती हवा, म्हणजे तापमान किती, वारा कुठून येतोय, दमटपणा, वायुदाब, पाऊस वगैरे. आणि त्याच ठिकाणच्या याच सगळ्या गोष्टींच्या खूप वर्षांच्या नोंदी घेऊन जी सरासरी स्थिती निघते ते हवामान. खूप वर्षं म्हणजे साधारण 30 वर्षं धरतात, सध्या 1991 ते 2020 च्या सरासऱ्या वापरतात. 30 च का, 5 का नाही? कारण एखादं वर्ष दुष्काळाचं निघतं, एखादं धो धो पावसाचं, 5 वर्षांत असं एक जरी आलं तरी सरासरी वाकडी होते, 30 मध्ये मात्र ते बऱ्यापैकी जिरून जातं.

हे जिरून जाणं म्हणजे काय ते नीट बघू, कारण एवढं एक समजलं की फरक पाठ करावाच लागत नाही.

स्टेप 3: 26 जुलै 2005 चं उदाहरण वहीत सोडवून बघा

मुंबईत घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला हा दिवस विचारा, त्यांच्याकडे त्याची गोष्ट असतेच. त्या दिवशी सांताक्रूझच्या केंद्रावर 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला (हे 24 तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात). 944 मिलिमीटर म्हणजे सपाट जागेवरून पाणी कुठेच वाहून गेलं नाही, मुरलं नाही, तर 94 सेंटीमीटर उंच साचेल, सहावीतल्या मुलाच्या कमरेच्या वर. संपूर्ण जुलै महिन्यात तिथे सरासरी साधारण 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तेवढा एका दिवसात पडला!

आता प्रश्न असा की यामुळे मुंबईचं हवामान बदललं का? चला गणित करू. एका वर्षीच्या जुलैमध्ये 944 मिलिमीटर जास्तीचे आले असं धरा आणि बाकीची 29 वर्षं नेहमीसारखी. 30 वर्षांची सरासरी काढताना ते 944 सगळ्या 30 वर्षांवर वाटले जाणार, म्हणजे 944 भागिले 30, साधारण 31. म्हणजे एवढा भयानक दिवस येऊन गेला तरी जुलैची सरासरी फक्त 31 मिलिमीटरने वाढली, 900 ची 931 झाली. त्या दिवशीची हवा शहर बुडवून गेली पण हवामानाच्या आकड्यात तेवढाच धक्का लागला. भाचीला हे गणित करायला लावलं तेव्हा कुठे ती म्हणाली "अच्छा, म्हणून एका दिवसावरून सांगायचं नाही."

अजून एक गंमत, त्याच दिवशी दक्षिण मुंबईत कुलाब्याला पाऊस झाला फक्त 73 मिलिमीटर. एकच शहर, एकच दिवस, आणि एवढा फरक. हवा कमी अंतरावर पण बदलते, हवामान मात्र मोठ्या प्रदेशाचं बरंचसं सारखं असतं, कुलाबा आणि सांताक्रूझ दोन्हीकडचं हवामान उष्ण आणि दमटच लिहायचं. फरकाच्या उत्तरात हा दुसरा मुद्दा झाला, पहिला काळाचा, दुसरा जागेचा.

स्टेप 4: बदल किती पटकन होतो ते जोडा

हवा सकाळी एक, दुपारी एक. हवामान लवकर बदलत नाही, पण "कधीच बदलत नाही" असं लिहू नका, ही चूक खूप जण करतात. सरासरीच हळूहळू सरकायला लागली, वर्षानुवर्षं एकाच बाजूला, तर त्याला हवामान बदल म्हणतात. एका कडक उन्हाळ्याला हवामान बदल म्हणायचं नाही, आणि एखाद्या डिसेंबरात थंडी पडली म्हणून बदल नाहीच असं पण नाही.

स्टेप 5: कारण विचारलं तर

"नागपूर मे महिन्यात मुंबईपेक्षा जास्त का तापतं?" असा प्रश्न आला तर तो हवामानाचा आहे कारण दर मे महिन्यात हेच होतं. मुंबईला समुद्र जवळ आहे, पाणी सावकाश तापतं आणि सावकाश थंड होतं, त्यामुळे तिथलं तापमान फार टोकाला जात नाही. नागपूर समुद्रापासून लांब, आत. उत्तरात "सागरसान्निध्य" हा शब्द यायला हवा, बाकी पाल्हाळ नको. उंचीचं कारण विचारलं तर महाबळेश्वर घ्या, उंचावर म्हणून थंड.

स्टेप 6: लिहिताना

दोन मार्कांना दोन मुद्दे, काळ आणि बदल, समोरासमोर दोन रकाने करून. जागा उरली तर प्रत्येकाचं एक उदाहरण. "आज पुण्यात आकाश ढगाळ आहे" ही हवा, "कोकणाचं हवामान दमट आहे" हे हवामान. उदाहरणात तारीख किंवा "आज" असेल आणि पुढे हवामान शब्द आला तर खोडा, आपलंच वाक्य आपल्याला फसवतंय.

झोपायच्या आधी एकच वाक्य सोडवा, असं वाक्य उन्हाळ्यात वर्तमानपत्रात बऱ्याचदा असतं: "पुण्यात आज कमाल तापमान 41 अंश, सरासरीपेक्षा 3 अंशांनी जास्त." यात हवा कुठे आणि हवामान कुठे? 41 ही आजची हवा. आणि 41 मधून 3 वजा केले की राहतात ते 38, ते हवामानातून आले, आणि तो आकडा बातमीत छापलेलाच नाही!