ब्राउझरने लाल वॉर्निंग दाखवली की डायरेक्ट Proceed दाबताय? आधी कोड वाचा

मागच्या महिन्यात काकांचा फोन, "अरे बँकेची साइट हॅक झालीय बहुतेक, your connection is not private येतंय, पुढे जाऊ का?" मी म्हणलं काका थांबा, दुसरी कुठली साइट उघडून बघा. तर जवळजवळ सगळीकडे तेच! इथेच अर्धं उत्तर मिळालं, कारण सगळ्या साइट एकाच सकाळी बिघडत नाहीत, बिघडलंय आपल्याकडेच काहीतरी.

पहिली चूक ही की कोड कोणी वाचतच नाही. बारीक अक्षरात असतो खाली. काकांकडे होता NET::ERR_CERT_DATE_INVALID, म्हणजे साइटच्या सर्टिफिकेटची, तिच्या ओळखपत्राचीच म्हणा ना, तारीख जुळत नाहीये. प्रत्येक सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि संपायची तारीख असते, आणि ब्राउझर ती आपल्या पीसीच्या घड्याळाशी ताडून बघतो. काकांचं घड्याळ २००९ दाखवत होतं, मग गेल्या महिन्यात निघालेलं सर्टिफिकेट त्या पीसीला अजून सुरूच झालेलं नाही असं वाटणार ना. तारीख नीट केली, चाललं, दुसऱ्या दिवशी परत तेच. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा CR2032 सेल संपला होता, तो बदलला आणि विषय संपला.

पण हाच कोड एकाच साइटवर येतोय, तुमची तारीख बरोबर आहे, आणि मोबाइल डेटावर फोनमधूनही तेच दिसतंय, तर बहुतेक साइटवाल्याने रिन्यू केलेलं नाही. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट नेहमी ९० दिवसांचंच असायचं, ऑटो रिन्यू अडकलं की संपलंच. अशा साइटवर नुसता लेख वाचायचा असेल तर मी एखाद्या वेळी जातो पुढे, पण पासवर्ड, ओटीपी, कार्ड नंबर अजिबात टाकत नाही.

NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID आला तर जास्त सावध, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्याला ब्राउझर ओळखत नाही. हॉटेल किंवा स्टेशनच्या वायफायवर हा बऱ्याचदा लॉगिन पेज अडकल्यामुळे येतो, पण मधे कोणीतरी बसून तुमचं बोलणं वाचतंय तरी हाच येतो, आणि बघून फरक कळत नाही. म्हणून वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, गेला तर दोष त्या वायफायचा. घरच्या राउटरचं 192.168.1.1 सारखं पेज मात्र अपवाद, तिथलं सर्टिफिकेट राउटरने स्वतःच बनवलेलं असतं, त्यामुळे घरच्याच वायफायवर असाल तर जा बिनधास्त.

कधी Advanced दाबूनही Proceed ची लिंकच नसते, तेव्हा लोक दुसरा ब्राउझर शोधतात, इन्कॉग्निटो करून बघतात. अहो, बहुतेक वेळा त्या साइटनेच ब्राउझरला आधी सांगून ठेवलेलं असतं की सर्टिफिकेट बरोबर नसेल तर कोणालाही आत सोडू नको. बँकांचं असं बऱ्याचदा असतं.

आणि पूर्ण लाल पान, Dangerous site वालं, हे सर्टिफिकेटचं प्रकरणच नाही. ती साइट फसवणुकीच्या किंवा व्हायरसच्या यादीत सापडलीय, सर्टिफिकेट अगदी चोख असलं तरी. तिथून मागेच फिरा.