या चुका टाळा: पोत्यामागे फ्लाय ॲश आणि केमिकल किती?

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही छोट्या साइटवर बघा, एक पोत्याचा मिक्सर अजून चालतोच. लॅबचं मिक्स डिझाइन येतं घनमीटरच्या हिशेबात, आणि गवंड्याला हवा असतो पोत्याचा हिशेब. घोळ तिथेच होतो.

समजा, कागदावर घनमीटरमागे ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, २८५ किलो, फ्लाय ॲश म्हणजे राख ९५ किलो, दोन्ही मिळून ३८०; फ्लाय ॲश २५ टक्के, केमिकल, म्हणजे सुपरप्लास्टिसायझर, ०.८ टक्के असं आहे. ठेकेदार पन्नासाचे २५ टक्के काढून साडेबारा किलो राख टाकायला सांगतो. पण हे २५ टक्के ३८०चे आहेत. नुसत्या सिमेंटच्या वजनावर तीच राख ३३.३ टक्के भरते, म्हणजे पोत्यामागे १६.७ किलो. माझं मत विचाराल तर साइटवर टक्क्यांच्या नादाला लागूच नये. कागदावरच्या राखेच्या किलोला सिमेंटच्या किलोने भागा आणि ५०ने गुणा. राख घमेल्याने मोजायची असेल, तर भरलेलं घमेलं आधी काट्यावर घाला. सिमेंटच्या मानाने ती हलकी असते.

केमिकललाही तोच नियम. ०.८ टक्के हे ५० किलोवर काढले तर ४०० ग्रॅम येतात, पण सिमेंट आणि राख मिळून ६६.७ किलोवर ५३३ ग्रॅम लागतात. कमी पडलं की माल घट्ट येतो, कुणीतरी ‘पाणी सोड रे’ म्हणतो आणि खरं नुकसान तिथे होतं. सिमेंट-राखेच्या वजनाला पाणी ०.४५च्या प्रमाणात धरलं तर या बॅचला ३० लिटर पुरतं. वर तीन लिटर गेलं की प्रमाण ०.५च्या घरात जातं.

आणखी एक गंमत: ५३३ ग्रॅम म्हणजे ५३३ मिली नव्हे. डब्यावरची घनता १.१५ असेल, तर मापात ४६४ मिलीच घ्यायचे. मापाने ५३३ घेतले तर डोस ०.९२ टक्क्यांवर जातो. सुपरप्लास्टिसायझरला आयएस ४५६ची मर्यादा २ टक्के आहे, त्यामुळे नियम मोडत नाही. पण माल पातळ होऊन पाणी वर येतं, आणि पावसाळी थंड हवेत स्लॅब दुसऱ्या दिवशी सकाळीही ओला वाटू शकतो.

सगळ्यात महागात पडते ती सिमेंटची अदलाबदल. दुकानात ओपीसी नाही म्हणून पीपीसी आलं, आणि राखेचं माप तेच राहिलं. पीपीसीत राख आधीच १५ ते ३५ टक्के असते. नेमका आकडा पोत्यावर छापलेला असतो. तो ३० असेल तर पोत्यातली १५ आणि वरची १६.७ मिळून ६६.७ किलोत ३१.७ किलो राख, म्हणजे जवळपास ४८ टक्के. असा माल सुरुवातीला ताकद हळू धरतो, आणि सेंट्रिंग नेहमीच्या तारखेला काढलं तर स्लॅब वाकतो. पीपीसी आलं तर वरून राख घालायची नाही, आणि लॅबकडून पीपीसीचं वेगळं डिझाइन मागवायचं.