तक्रार अधिकाऱ्याला दुसरा मेल: तारखा आणि नंबर कसे मांडावेत

ऑनलाइन घेतलेला मिक्सर खराब निघाला, कंपनीचा माणूस तो परत घेऊन गेला, पण पैसे काही खात्यात आले नाहीत. तक्रार केली, तर त्यावर शुकशुकाट. अशा वेळी 'रोज एक मेल टाकत राहा' हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. बऱ्याच कंपन्यांत प्रत्येक नव्या मेलला नवा तिकीट नंबर पडतो आणि तुमची महिनाभर जुनी तक्रार कागदोपत्री कालची होऊन बसते.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात ती निकाली काढायची असते. अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणंही बंधनकारक आहे. बहुधा ते पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत सापडतं. मेल त्याच पत्त्यावर जायला हवा, कस्टमर केअरला नुसती प्रत.

आधीच्याच मेलवर 'रिप्लाय' करा, म्हणजे जुना मजकूर खाली आपोआप राहतो. विषयाच्या ओळीत पहिला तिकीट नंबर, ऑर्डर नंबर आणि 'एक महिन्याची मुदत संपली' एवढंच.

खरं काम पुढच्या परिच्छेदाचं आहे आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. रागाच्या भरात लोक मनस्ताप, आईची तब्येत, फोनवर कोण काय बोललं, सगळं लिहितात आणि तारखा त्यात बुडतात. समोरचा माणूस तुमचा मेल अर्धा मिनिट वाचणार आहे. त्याला एकामागून एक घटना दिसल्या पाहिजेत आणि प्रत्येक घटनेला चिकटलेला नंबर. उदाहरणार्थ:

> २ जून २०२५ रोजी मिक्सर मागवला (ऑर्डर नंबर …), यूपीआयने ३,४९९ रुपये भरले. ९ जूनला आपल्या कुरिअरने तो परत नेला (पिक-अप नंबर …). परतावा न आल्याने १६ जूनला आपल्याकडे लेखी तक्रार केली (तिकीट नंबर …). २० जूनला काहीही न कळवता तिकीट 'रिझॉल्व्ड' दाखवून बंद केले. एक महिन्याची मुदत १६ जुलैला संपली. रक्कम आजही जमा नाही.

महिना अक्षरी लिहा. ९/६ म्हणजे नऊ जून की सहा सप्टेंबर, असा वाद उगाच कशाला? मधल्या काळात कंपनीने तीन वेगळे नंबर दिले असतील तर तिन्ही लिहा, पण 'ही सर्व तिकिटे १६ जूनच्या मूळ तक्रारीचीच आहेत' हे वाक्य सोडू नका. मुदत पहिल्या तक्रारीपासून मोजायची आहे, आणि तेच वाक्य तुमची तारीख सांभाळतं. फोनवर कुणी काही कबूल केलं असेल तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव असेल तरच लिहा, नाहीतर गाळा. 'आपोआप आलेला मेल म्हणजे पोच नव्हे' असा वादही घालू नका. त्या मेलवर तारीख आणि तिकीट नंबर आहे, म्हणजे तक्रार त्यांना मिळाल्याचा पुरावा त्यांनीच तुमच्या हातात दिला आहे.

मागणी एकच ठेवा: ३,४९९ रुपये मूळ खात्यात, २४ जुलै २०२५ पर्यंत. 'लवकरात लवकर' लिहिलंत की मुदतच उरत नाही, आणि 'सात दिवसांत' लिहिलंत तर कधीपासून सात, हा प्रश्न उरतो. त्याखाली आणखी एक ओळ हवीच: 'परतावा पाठवला असल्यास त्याचा यूटीआर नंबर आणि तारीख कळवावी.' यूटीआर म्हणजे बँकेतल्या त्या एका व्यवहाराचा क्रमांक. 'आम्ही पैसे पाठवलेत, बँकेत विचारा' हे ठरलेलं उत्तर असतं. नंबर दिला तर बँक शोध घेऊ शकते. नाही दिला तर पैसे निघालेच नसण्याची शक्यता जास्त, आणि नंबर मागूनही दिला नाही हे तुमच्याकडे लेखी राहतं. कार्डाने पैसे भरले असतील तर यूटीआरऐवजी एआरएन, म्हणजे कार्डावरच्या परताव्याचा संदर्भ क्रमांक मागा.

बिल, पिक-अपचा एसएमएस, 'रिझॉल्व्ड'चा स्क्रीनशॉट आणि खात्याचा उतारा (बाकीचे व्यवहार झाकून) जोडा.

धमकी एका वाक्यात पुरे: या तारखेपर्यंत रक्कम न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. वकिली भाषा, लाखाची नुकसानभरपाई, मंत्र्यांना टॅग, यातलं काही नको.

२४ जुलै उलटला तर तिसरा मेल लिहू नका. हीच मेलची साखळी घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती प्रकरण कंपनीपुढे मांडते, पण बऱ्याचदा तेवढ्यानेही पैसे सुटतात. नाही सुटले तर आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर त्याला शुल्क नाही, आणि दाद मागण्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.